पेपर हातात पडला की येणारं गणितही का अडतं: स्टिरिओटाइप थ्रेट ओळखावा कसा आणि त्याबद्दल बोलावं कसं

प्रश्न: मी वरच्या वर्गांना गणित शिकवते. माझी एक विद्यार्थिनी फळ्यावर अवघडातली अवघड उदाहरणं सोडवते, पण मोठ्या परीक्षेत तिचे मार्क हमखास घसरतात. "मुलींना गणित जमत नाही" हे तिने लहानपणापासून ऐकलंय. हा स्टिरिओटाइप थ्रेट असेल का? आणि तिला त्याबद्दल सांगितलं तर ती सावरेल की उलट जास्तच घाबरेल?

उत्तर:

स्टिरिओटाइप थ्रेट म्हणजे आपल्या गटाबद्दलचा वाईट समज आपल्यामुळे खरा ठरेल की काय या धास्तीने येणारं दडपण, ज्याने येणारं कामही बिघडतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुम्हाला तेच आधी लागेल. तिला सांगायला हरकत नाही, पण सांगायचं तर पूर्ण सांगा. पेपरच्या तोंडावर "मुलींबद्दल असा समज आहे बरं का" एवढंच कानावर घालणं वेगळं, आणि तो समज डोक्यात नेमकं काय करतो हे निवांत वेळी उलगडून सांगणं वेगळं. दोन्हींचे परिणाम एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जाऊ शकतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ नाही. असू शकतो, पण मार्क घसरले एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. ते तिच्या उत्तरपत्रिकेत शोधावं लागतं. आणि तिथे काय शोधायचं हे कळायला प्रयोगांत काय दिसलं होतं, काय दिसलं नव्हतं, ते माहीत असायला हवं.

या विषयाची सुरुवात क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या शोधनिबंधापासून धरतात. त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना अर्ध्या तासाची एक परीक्षा दिली. प्रश्न जीआरई या अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या भाषा विभागातले होते आणि मुद्दाम अवघड निवडलेले होते. परीक्षा सगळ्यांना एकच, फक्त प्रस्तावना वेगवेगळी. काहींना सांगितलं की यातून तुमची बौद्धिक क्षमता मोजली जाणार आहे. काहींना सांगितलं की लोक असे प्रश्न कसे सोडवतात ते आम्हाला पाहायचंय, तुमची क्षमता मोजायची नाही. विद्यार्थ्यांचे एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेतले आधीचे गुण हिशेबात धरून तुलना केली तेव्हा पहिल्या प्रकारात कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले. दुसऱ्या प्रकारात त्यांनी गोऱ्या विद्यार्थ्यांची बरोबरी गाठली.

"आधीचे गुण हिशेबात धरून" हे शब्द घाईत वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटतात आणि मग गैरसमज पसरतो. या प्रयोगाचा अर्थ "दडपण काढलं की दोन गटांतला सगळा फरक नाहीसा होतो" असा नाही. आधीच्या परीक्षेत जेवढा फरक होता तो गणिताने आधीच बाजूला काढलेला होता. प्रयोगाने दाखवलं ते एवढंच की क्षमता मोजण्याची भाषा वापरली की त्या फरकात आणखी भर पडते. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की हा निकाल वर्तमानपत्रांतच नव्हे, पाठ्यपुस्तकांतही चुकीच्या पद्धतीने सांगितला जातो. तुमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीतही हे लागू आहे. दडपण असलंच तरी त्याने तिच्या मार्कांचा काही भाग खाल्ला असेल, सगळा नाही.

त्याच शोधनिबंधातला तिसरा प्रयोग मला पहिल्यापेक्षा जास्त बोलका वाटतो, कारण त्यात परीक्षा झालीच नाही. विद्यार्थ्यांना फक्त नमुन्याचे प्रश्न दाखवले आणि आता परीक्षा होणार असं सांगितलं. त्याआधी अर्धवट अक्षरांचे शब्द पूर्ण करायला दिले. क्षमता मोजली जाणार असं ज्यांना सांगितलं होतं त्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वंशाशी आणि स्वतःबद्दलच्या शंकेशी जोडलेले शब्द जास्त भरले. नंतर एका अर्जावर वंश लिहायची जागा होती, लिहिणं ऐच्छिक होतं. या गटातल्या फक्त २५ टक्के विद्यार्थ्यांनी वंश लिहिला. बाकी सगळ्या गटांत शंभर टक्के विद्यार्थ्यांनी लिहिला. म्हणजे पहिला प्रश्न सोडवण्याआधीच डोकं त्या समजाशी झुंजायला लागलेलं होतं. शिवाय इथे कुणी कुणाला काही लागेल असं बोललं नव्हतं. "क्षमता मोजणार" एवढंच पुरलं.

हा समज विद्यार्थ्याला स्वतःला पटलेला असावा लागत नाही, हेही इथे सांगून ठेवते. "आपल्याकडून चूक झाली तर लोक म्हणतील, बघा, म्हटलंच होतं" एवढी जाणीव असली तरी भागतं. जोशुआ ॲरनसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गणितात पक्क्या असलेल्या गोऱ्या मुलग्यांना परीक्षेआधी सांगितलं की आशियाई विद्यार्थी गणितात पुढे का असतात याचा हा अभ्यास आहे. त्या मुलग्यांचेही गुण घसरले. लहानपणापासून कमी लेखलं गेल्याचा त्यांना काहीच अनुभव नव्हता. त्यामुळे "तिचा आत्मविश्वासच कमी आहे" हे निदान या बाबतीत बरेचदा चुकतं.

आता डोक्यात काय होतं ते पाहू. टोनी श्मेडर आणि मायकेल जॉन्स यांनी २००३ मध्ये दाखवलं की अशा दडपणाखाली कार्यकारी स्मृती कमी पडते. ही स्मृती म्हणजे मनातली छोटी पाटी. उदाहरण सोडवताना मधली उत्तरं, हातचे, चिन्हं आपण तिच्यावर धरून ठेवतो. पाटीवर जागा मुळातच थोडी, आणि त्यातली काही "मी चुकतेय का, वेळ संपतोय का, त्यांना काय वाटेल" यांनीच भरली की उरलेल्या जागेत लांबलचक उदाहरण मावत नाही.

सियान बायलॉक, रॉबर्ट रायडेल आणि ॲलन मॅकोनेल यांनी २००७ मध्ये ही गोष्ट आणखी जवळून तपासली. त्यांनी दिलेली उदाहरणं साध्या धाटणीची होती. दोन संख्या वजा करा, उत्तराला तिसऱ्या संख्येने पूर्ण भाग जातो की नाही ते सांगा, आणि सगळं मनातल्या मनात करा. ७ मधून २ वजा करून ५ ने भाग जातो का, हे कुणीही झटकन सांगेल. पण ५१ मधून १९ वजा करून ४ ने भाग जातो का, हे स्वतः करून बघा. १ मधून ९ जात नाहीत, म्हणून दशकाकडून एक उसना. ११ मधून ९ गेले, २ उरले, ते लक्षात ठेवायचे. दशकस्थानी आता ५ नाही ४ आहेत, हेही लक्षात ठेवायचं. ४ मधून १ गेला, ३. म्हणजे ३२. मग ३२ ला ४ ने भाग, ८, पूर्ण जातो. या सगळ्यात पाटीवर एका वेळी दोन-तीन गोष्टी टिकवाव्या लागतात, आणि त्या आपण मनातल्या मनात पुटपुटत टिकवतो.

दडपणाखालच्या मुली मागे पडल्या त्या अशाच लांब उदाहरणांत, आणि तेही आडव्या मांडणीत. हीच उदाहरणं एकाखाली एक अशी उभी मांडली तेव्हा तसं झालं नाही, कारण उभ्या मांडणीत माणूस आकडे शब्दांनी कमी आणि जागेने जास्त धरतो. चिंता बहुतेक शब्दांत येते, म्हणून ती शब्दांचीच जागा खाते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जी उदाहरणं आधी इतक्या वेळा सोडवून घेतली होती की उत्तर स्मरणातूनच येत होतं, तिथे दडपणाचा परिणाम दिसला नाही. शिकवणाऱ्यासाठी ही सगळ्यात कामाची माहिती आहे. तिच्याकडे मी परत येईन.

याला एक दुसरी बाजूही आहे आणि मला ती महत्त्वाची वाटते. जेरेमी जेमिसन आणि स्टीफन हार्किन्स यांचं म्हणणं असं की दडपणाखालचा विद्यार्थी कमी नाही, जास्तच जोर लावतो. समज खोटा पाडायचा म्हणून तो सवयीची पद्धत घट्ट धरतो. गणितात ती पद्धत बहुधा एकच असते, सूत्र लावा आणि करत सुटा. २००९ च्या त्यांच्या अभ्यासात जीआरईची दोन प्रकारची उदाहरणं होती. थेट आकडेमोड करून सुटणाऱ्या उदाहरणांत दडपणाखालच्या मुली उलट बऱ्या ठरल्या. जिथे आकडेमोड न करता नुसत्या तर्काने दोन राशींची तुलना करायची होती, तिथे त्या मागे पडल्या, कारण तिथेही त्या आकडेमोडच करत बसल्या. कार्यकारी स्मृतीचं स्पष्टीकरण आणि हे स्पष्टीकरण यांतलं कोणतं बरोबर यावर संशोधकांत वाद आहे. माझ्या मते उत्तरपत्रिकेत दोन्हींच्या खुणा सापडतात, म्हणून दोन्ही माहीत असाव्यात.

आता उत्तरपत्रिका. एका विद्यार्थिनीच्या दोन उत्तरपत्रिका तिच्या शिक्षकांनी मला दाखवल्या होत्या. एक घरी, घड्याळ लावून सोडवलेल्या सरावपेपरची, दुसरी त्याच पातळीच्या खऱ्या परीक्षेची. परीक्षेत मार्क बरेच कमी होते. शिक्षकांना खात्री होती की हे दडपणच आहे.

मी आधी मार्क झाकले आणि प्रश्नांचे दोन ढीग केले, एका-दोन पायऱ्यांत सुटणारे आणि लांब. सोप्या ढिगात दोन्ही पेपरांत फरक जवळजवळ नव्हता. फरक लांब ढिगात होता. तिथे एक चूक पुन्हा पुन्हा दिसली. -3(x - 4) चं तिने -3x - 12 केलं होतं, जिथे +12 हवं. दडपणाचा पुरावा म्हणून हे छान दिसतं, पाटीवरचं चिन्ह पुसलं गेलं. पण घरचा पेपर उघडला तर तीच चूक तिथेही दोनदा होती. म्हणजे तो भाग दडपणाचा नव्हता, कंस सोडवण्याच्या कच्च्या सवयीचा होता. तो सरावाने जायला हवा होता आणि मानसशास्त्राचा त्याच्याशी संबंध नव्हता.

मग एक प्रश्न सापडला ज्यात 37 × 43 आणि 40 × 40 यांतलं मोठं कोणतं ते विचारलं होतं. घरच्या पेपरात अशाच धाटणीच्या प्रश्नाला तिने एका ओळीत उत्तर दिलं होतं. 37 म्हणजे 40 - 3, 43 म्हणजे 40 + 3, म्हणून गुणाकार 1600 मधून 9 कमी, 40 × 40 मोठा. परीक्षेत मात्र तिने 37 × 43 चा पूर्ण गुणाकार मांडला होता, खोडला होता, परत मांडला होता. उत्तर 1591 बरोबरच आलं आणि त्या प्रश्नाचा मार्कही मिळाला. पण त्यात वेळ गेला, आणि शेवटचे प्रश्न कोरे राहिले. असं आणखी काही ठिकाणी होतं. एका जागी बरोबर उत्तर खोडून तेच उत्तर पुन्हा लिहिलं होतं.

ही खूण मला दडपणाशी जुळणारी वाटली. येणारी छोटी वाट सोडून लांब, सुरक्षित वाट धरणं, बरोबर असलेलं पुन्हा पुन्हा तपासणं, आणि त्याची किंमत शेवटच्या प्रश्नांत मोजणं. मार्कांच्या कागदावर हे दिसत नाही, तिथे फक्त "शेवटचे प्रश्न सोडवले नाहीत" एवढंच दिसतं आणि शिक्षक वेग वाढवायला सांगतात.

पण इथेही मी "जुळणारी" म्हणतेय, "सिद्ध करणारी" नाही. परीक्षेची साधी भीतीही त्याच वाटेने, म्हणजे कार्यकारी स्मृती खाऊन, नुकसान करते आणि तिच्या खुणा हुबेहूब अशाच असतात. दोन्ही वेगळे करायचे तर विषयांची तुलना करा. भीती सहसा विषय बघत नाही, भाषेच्या पेपरातही घरचं आणि परीक्षेतलं काम असंच लांब पडतं. स्टिरिओटाइप थ्रेट त्याच विषयात दिसायला हवा ज्याबद्दल तो समज आहे. त्या विद्यार्थिनीचा विज्ञानाचा आणि भाषेचा पेपर परीक्षेतही नीट होता. तुमच्या विद्यार्थिनीचे बाकीचे पेपर पाहिलेत का? नसतील तर आधी ते पाहा.

आणखी दोन अटी तपासा. पेपर तिच्यासाठी अवघड होता का? सोप्या पेपरात पाटी भरतच नाही, त्यामुळे दडपण असूनही मार्क जात नाहीत. आणि तिला गणितात चांगलं करण्याची खरोखर ओढ आहे का? ज्याला विषयाचं काही पडलेलं नाही, त्याला त्या विषयातल्या समजाने फारसा फरक पडत नाही. तुमच्या वर्णनावरून दुसरी अट ती पूर्ण करते असं दिसतं.

आता जे सांगणार आहे ते या विषयावरच्या लोकप्रिय लेखांत फारसं सापडत नाही, पण तुमच्यासारख्यांना ते कळायलाच हवं. प्रयोगशाळेतला हा परिणाम खऱ्या परीक्षांत शोधायला गेलं की तो बारीक होत जातो. लॉरेन्स स्ट्रिकर आणि विल्यम वॉर्ड यांनी अमेरिकेतल्या एका प्रत्यक्ष परीक्षेत, महाविद्यालयपूर्व कॅल्क्युलसच्या पेपरात, काही केंद्रांवर विद्यार्थ्यांना लिंग आणि वंश पेपरआधी विचारला, काहींवर नंतर. २००४ मध्ये त्यांनी लिहिलं की म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे डॅनहर आणि क्रँडल यांनी तीच आकडेवारी पुन्हा पाहून मुलींना थोडा फायदा होतो असं म्हटलं, आणि त्यावर पुन्हा वाद झाला. शाळकरी मुलींवरचे सगळे अभ्यास फ्लोरे आणि विखर्ट्स यांनी २०१५ मध्ये एकत्र केले तेव्हा सरासरी परिणाम छोटा निघाला. शिवाय ज्यांत काही सापडलं नाही असे अभ्यास छापलेच गेले नसावेत, अशीही चिन्हं दिसली. मग २०१८ मध्ये फ्लोरे आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींवर मोठा अभ्यास केला. काय तपासणार आणि कसं तपासणार हे त्यांनी आधीच जाहीर करून ठेवलं होतं, म्हणजे नंतर सोयीचं निवडायला जागा नव्हती. त्यांना परिणाम सापडला नाही.

याचा अर्थ स्टिरिओटाइप थ्रेट असं काही नसतंच, असा मी लावत नाही. शाळेतल्या परीक्षेआधी कागदावर एक वाक्य वाचायला देऊन हा परिणाम हुकमी घडवता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. विद्यार्थी वर्षानुवर्षं जे ऐकत आलेले असतात ते त्या एका वाक्याने वाढतही नसेल आणि ते वाक्य काढून टाकल्याने कमीही होत नसेल. पण कुणी तुम्हाला "अर्जावरचा लिंगाचा रकाना पेपरनंतर भरून घ्या, निकाल सुधारेल" असं सांगितलं तर फार अपेक्षा ठेवू नका. रकाना नंतर भरून घ्या जरूर, त्याला खर्च काहीच नाही. मात्र त्याने तुमच्या विद्यार्थिनीचे मार्क वाढतील असं मी म्हणणार नाही.

आणि कधी कधी वरून स्टिरिओटाइप थ्रेटसारखं दिसणारं काहीतरी वेगळंच निघतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांमध्ये वरच्या जातींतल्या ३२१ आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या ३२१ मुलग्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली आणि सोडवलेल्या कोड्यांप्रमाणे पैसे दिले. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गट सारखेच होते. मिश्र गटात सगळ्यांसमोर जात पुकारली तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींतली मुलं मागे पडली. इथपर्यंत स्टिरिओटाइप थ्रेटचीच गोष्ट वाटते. पण बक्षिसात माणसाच्या मर्जीऐवजी चिठ्ठी काढण्याचा भाग आणला तेव्हा जातींमधला फरक नाहीसा झाला. संशोधकांनी यातून काढलेला अर्थ असा की त्या मुलांचा विश्वास उडाला होता तो स्वतःच्या डोक्यावरचा नव्हे, समोरच्या माणसाच्या न्यायावरचा. आपल्याला न्याय मिळणार नाही असं ज्याला वाटतं तो जीव तोडून का सोडवील?

तुमच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे. तुमची विद्यार्थिनी परीक्षेत धडपडते की हात आखडता घेते? उत्तरपत्रिका खोडाखोडीने भरलेली असेल तर पहिलं. अवघड प्रश्न न छेडता सोडलेले असतील, पेपर वेळेआधी दिला असेल, तर तिला मुळात वाटतंय की काही केलं तरी तपासणारा आपल्याला मोजणारच नाही. मग तिला स्टिरिओटाइप थ्रेट समजावून काही होणार नाही. तपासणी कशी होते, कोण करतं, मार्क कसे पडतात, हे तिला उघडपणे दाखवावं लागेल.

समजा, खुणा दडपणाच्याच निघाल्या. मग सांगायचं कसं?

जॉन्स, श्मेडर आणि मार्टेन्स यांनी २००५ मध्ये नेमकं हेच तपासलं. एका गटाला परीक्षा म्हणजे साधा प्रश्न सोडवण्याचा सराव असं सांगितलं. दुसऱ्या गटाला हीच गणिताची परीक्षा आहे आणि स्त्री-पुरुषांतला फरक पाहायचाय असं सांगितलं. तिसऱ्याला दुसऱ्यासारखंच, पण वर स्टिरिओटाइप थ्रेट म्हणजे काय ते समजावलं. पेपरात अस्वस्थ वाटलं तर ते समाजात पसरलेल्या समजामुळे असू शकतं, तुमच्या क्षमतेशी त्याचा संबंध नाही, असंही सांगितलं. मुली मागे पडल्या त्या फक्त दुसऱ्या गटात. हा छोटा प्रयोग आहे, त्याच्या जोरावर कुणी खात्रीचा उपाय विकायला लागलं तर सावध राहा. पण तुमच्या भीतीला त्यात उत्तर आहे. समजावून सांगितल्याने मुली जास्त घाबरल्या असं त्यात दिसलं नाही.

माझ्या अनुभवात हे सांगण्याची वेळ पेपरच्या आदल्या दिवसाची नसावी, पेपर परत देण्याची असावी. तिची उत्तरपत्रिका समोर ठेवा आणि तिच्याच कागदावरून बोला. "हे बघ, ही वाट तुला येते, मागच्या आठवड्यात तू फळ्यावर हीच वापरलीस. इथे सोडून लांब गुणाकार का केलास?" बहुतेक मुली इथे स्वतःच सांगतात, "खात्री करून घ्यायची होती." मग सांगा की ही धाकधूक बऱ्याच जणांना होते, ज्यांच्याबद्दल असे समज असतात त्यांना जास्त होते, आणि ती धाकधूक गणित न येण्याची खूण नसते. छाती धडधडली तर "झालं, मला येत नाही" असा अर्थ लावायचा नाही. भाषण नको. दोन-तीन वाक्यं पुरतात.

एक वाक्य मात्र टाळा. "मुलीही मुलांइतक्याच गणितात हुशार असतात." हेतू चांगला आहे, पण या वाक्यात मापाची पट्टी मुलांची आहे आणि मुली त्या पट्टीपर्यंत पोचतात की नाही एवढंच त्यात बोललं जातं. एलिनॉर चेस्टनट आणि एलेन मार्कमन यांनी २०१८ मध्ये दाखवलं की अशा वाक्यरचनेतून ऐकणारे मुलगेच मुळात सरस असं गृहीत धरतात. बोलायचंच तर मुलगा-मुलगी न आणता तिच्या कामाबद्दल बोला.

पेपरावर शेरा लिहितानाही थोडी काळजी घ्या. जेफ्री कोहेन, स्टील आणि ली रॉस यांनी १९९९ मध्ये पाहिलं की नुसती टीका अशा विद्यार्थ्यांना पूर्वग्रहातून आलेली वाटू शकते, आणि नुसतं कौतुक केल्यानेही ते भागत नाही. टीकेसोबत "माझी अपेक्षा उंच आहे, आणि तू ती गाठशील असं तुझं काम बघून मला वाटतं" हे दोन्ही आलं तेव्हा विद्यार्थ्यांनी टीका मनावर घेतली आणि पुन्हा काम करायला ते तयार झाले. चुका लपवून तिला जपायला जाऊ नका. ती हुशार आहे, तिला ते लगेच कळेल आणि त्याचा ती चुकीचा अर्थ काढेल.

आणि आता तो बायलॉक यांचा मुद्दा. मला विचाराल तर बोलण्यापेक्षा भरवसा यावरच जास्त ठेवावा. लांब उदाहरणातले जे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, कंस सोडवणं, चिन्हं बदलणं, अपूर्णांकांचा समच्छेद, वर्गविस्तार, ते इतके घोटून घ्या की त्यांना विचार लागू नये. मग दडपणाने पाटीची थोडी जागा खाल्ली तरी तिच्यावर धरायला फार काही उरत नाही. सोबत तिला मधल्या पायऱ्या कागदावर उतरवायला लावा, एकाखाली एक, आडव्या ओळीत दाटीवाटीने नाही. हुशार मुलांना मनातल्या मनात पायऱ्या गाळायचा अभिमान असतो. फळ्यावर तो चालून जातो, पेपरात तोच महागात पडतो. तुलनेच्या प्रश्नांसाठी वेगळा सराव घ्या, ज्यात उत्तर लिहायचंच नाही, "इथे आकडेमोड लागेल का" एवढंच ठरवायचं.

फरक पडतोय का हे बघायलाही घाई करू नका. एका पेपरात दोन-चार मार्क इकडेतिकडे होणं काहीच सांगत नाही, प्रश्नांच्या निवडीनेही तेवढा फरक पडतो. दोन-तीन परीक्षांच्या उत्तरपत्रिका जपून ठेवा आणि दर वेळी तीन गोष्टी पाहा. तुलनेच्या प्रश्नांना लागलेल्या ओळी कमी झाल्या का, बरोबर उत्तरं खोडण्याचं प्रमाण घटलं का, आणि शेवटी कोरे राहणारे प्रश्न कमी झाले का. तिन्ही सुधारले आणि मार्क अजून जागेवरच असले, तर मार्क थोडे मागून येतील. तिन्हींत काहीच हललं नाही आणि सोप्या प्रश्नांतही ती चुकायला लागली, तर हे निदान सोडून द्या आणि तिची झोप, पेपरातला वेळ, मागच्या वर्षीच्या धड्यांतले कच्चे भाग हे एकेक करून तपासायला घ्या.